रात्रपाळीच्या वहीतले आठ तास

प्रश्न: दिवाळी अंकासाठी कथा लिहिते आहे. गोव्यातल्या एका रुग्णालयातला वॉर्ड क्लार्क रात्रपाळीच्या नोंदवहीत दोनदा मोजलेले तास शोधून काढतो, एवढंच सुचलंय. मी स्वतः रुग्णालयात कधी काम केलेलं नाही. त्याला हे नेमकं कसं सापडेल? आणि घोटाळा करणारा माणूस कोण दाखवू?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. घोटाळा करणारा माणूस दाखवूच नका. मी वॉर्डात कारकुनी केली, पुढे आस्थापना शाखेत बसलो, आणि दोनदा मोजलेले तास बऱ्याच वह्यांत पाहिले. त्यातले बहुतेक कुणीही खोटं न लिहिता तयार झालेले असतात. खोट्या सह्यांची कथा वाचकाला दुसऱ्या पानावरच कळते. प्रत्येक ओळ खरी आणि बेरीज मात्र खोटी, अशी कथा शेवटपर्यंत धरून ठेवते.

आधी पाळ्या समजून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ सरकारी रुग्णालयांत सकाळी ८ ते २, दुपारी २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या चालतात. म्हणजे रात्रपाळी १२ तासांची आणि ती मध्यरात्र ओलांडते. चार तास एका तारखेत, आठ तास दुसऱ्या तारखेत. तुमची सगळी कथा या आठ तासांत आहे.

वही कुणाची ते ठरवा. स्टाफ नर्सची ड्युटी लिस्ट सिस्टर इन्चार्ज आणि मेट्रन सांभाळतात, तिथे क्लार्कचा हात पोचत नाही. एजन्सीकडून घेतलेल्या अटेंडंट बायकांची रात्रपाळीची वही घ्या. ती वॉर्डातच राहते, एजन्सीचा सुपरवायझर भरतो आणि महिनाअखेरीस वॉर्डाचा शिक्का मारून बिलाबरोबर हिशेब शाखेत जाते. शिक्का क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असतो. वही त्याच्या हाती येण्याचं एवढं कारण पुरे आहे. रुग्णालयाला गोमेकॉ किंवा हॉस्पिसियो अशी खरी नावं देऊ नका. तालुक्याच्या गावातलं लहानसं, बिननावाचं रुग्णालय ठेवा. लहान जागी एकच माणूस केसपेपर, इंडेंट, डिस्चार्ज आणि सेन्सस असं सगळं बघतो, आणि तुमच्या कथेला तसाच माणूस हवा.

आता वही उघडू. क्लार्कचं नाव उल्हास धरू. वॉर्डात रात्री एकच अटेंडंट असते. सप्टेंबरच्या ३० रात्री, प्रत्येकी १२ तास, म्हणजे ३६० तास. वहीतली बेरीज ४२४ आहे. हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण मुळात किती तास असायला हवेत हे कुणी मांडूनच पाहिलेलं नसतं. सुपरवायझर प्रत्येक बाईच्या नावापुढे आडवी बेरीज करतो, एजन्सी त्या बेरजा एकत्र करते, हिशेब शाखा तास गुणिले दर बरोबर आहे का ते बघते. गुणाकार बरोबरच असतो.

उल्हासला पहिल्यांदा बेरीज खटकलेली दाखवू नका. त्याला एक नाव खटकू दे. शेवंती ऑगस्ट संपताच काम सोडून सत्तरी तालुक्यातल्या आपल्या गावी गेली, वॉर्डातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. सप्टेंबरच्या वहीत मात्र तिचं नाव आहे आणि पुढे आठ तास. प्रसंग साधारण असा लिहिता येईल:

शिक्का उचललेला हात उल्हासने तसाच धरला. पहिलंच नाव शेवंतीचं होतं. तारीख एक, आठ तास. पुढचे एकोणतीस रकाने कोरे.

'सिस्टर, शेवंती परत आली होती?'

'खंय येता ती?' सिस्टर फिलोमिनाने इंजेक्शनच्या ट्रेवरून मान वर केली नाही. 'तिच्या सासूचं ऑपरेशन झालंय. येणार नाही म्हणाली.'

'एक तारखेला तिचे आठ तास लावलेत.'

'सुपरवायझरला विचार. ते तुझं काम न्हय, उल्हास. शिक्का मार आणि पाठव, दोन दिवस फोन करतायत बिलासाठी.'

इथे वाचकाला वाटेल की काम सोडून गेलेल्या बाईच्या नावावर पैसे काढताहेत. वाटू दे. उल्हासलाही तेच वाटेल आणि निदान एक दिवस तरी तो तसाच संशय घेऊन फिरेल. सुपरवायझरकडे बघताना त्याची नजर बदलेल. पण दुसऱ्या दिवशी त्याला तो आकडाच आडवा येईल. खोटी हजेरी लावणारा माणूस १२ लावील, आठ कशाला लावील? रात्रपाळीत आठ तासांची ड्युटीच नाही.

आणि हे क्लार्कलाच का सुचावं, याचं उत्तर त्याच्या रोजच्या कामात आहे. वॉर्डाचा सेन्सस मध्यरात्रीचा असतो. रात्री बाराला जेवढे रुग्ण खाटेवर, तेवढे त्या दिवसाचे. संध्याकाळी सातला भरती झालेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेलेला रुग्ण दोन तारखांना वॉर्डात होता, पण सेन्ससमध्ये एकदाच येतो, कारण मध्यरात्र एकच आली. उल्हास हे रोज सकाळी लिहितो. मध्यरात्र ओलांडणारी गोष्ट कोणत्या तारखेची, हा प्रश्न हिशेबनीसाला वर्षभरात एकदाही पडत नसेल. याला रोज पडतो. म्हणून आठ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात 'बारा ते आठ' येणं अगदी साहजिक आहे. शेवंतीची शेवटची रात्र ३१ ऑगस्टची. ती सुटली १ सप्टेंबरच्या सकाळी आठला. मध्यरात्रीपासून आठपर्यंत ती खरंच वॉर्डात होती.

मग ते तास खरेच की! हो, खरे आहेत. फक्त ३१ ऑगस्टच्या रकान्यात रात्रीचे पूर्ण १२ तास आधीच लागलेले आहेत.

वहीची रचना इथे नीट सांगावी लागेल, पण एका परिच्छेदाच्या वर नको. जुन्या वहीत एका रात्रीला एक ओळ होती. नव्या छापील वहीत प्रत्येक बाईपुढे तारखांचे रकाने आहेत, आणि प्रत्येक तारखेला येण्याची वेळ, जाण्याची वेळ, तास असे तीन कप्पे. बाई चार तारखेला रात्री ८ ला आली की त्या तारखेला येण्याची वेळ पडते, आणि पाच तारखेला सकाळी सुटली की जाण्याची वेळ पाचच्या कप्प्यात पडते. सुपरवायझर तासांचे कप्पे महिनाअखेरीस एकदम भरतो. जिथे येण्याची वेळ रात्री ८, तिथे रात्रपाळी म्हणून १२. जिथे येण्याची वेळ कोरी आणि जाण्याची वेळ सकाळी ८, तिथे मध्यरात्रीपासून मोजून आठ. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे आहेत. एकाच वहीत दोन्ही वापरले की प्रत्येक फेरीच्या शेवटी आठ तास फुकट जन्माला येतात.

फेरी म्हणजे सलग रात्री. समजा प्रत्येक बाई चार रात्री करते. सुरुवातीच्या तारखेने मोजलं तर १२, १२, १२, १२, एकूण ४८. घड्याळाप्रमाणे तारखांत वाटलं तर पहिल्या दिवशी ४, मधल्या तीन दिवशी प्रत्येकी १२, शेवटच्या सकाळी ८, तेही ४८. मधल्या दिवसांत दोन्ही पद्धती सारखंच उत्तर देतात, कारण पहाटेचे आठ आणि रात्रीचे चार मिळून पुन्हा बाराच होतात. फरक फक्त दोन टोकांना. सुरुवात एका नियमाने आणि शेवट दुसऱ्या नियमाने लिहिला की ४८ चे ५६ होतात. कुणी पानाचा मधला भाग तपासायला घेतला तर त्याला काहीच सापडणार नाही. वहीत असली चूक वर्षानुवर्षं राहते ती याचमुळे.

उलटी चूकही होते. पहिल्या रात्रीला चार आणि शेवटच्या सकाळला शून्य लावलं तर ४० येतात आणि आठ तास बुडतात. ती मात्र लगेच सापडते, ज्याचे बुडतात तो ओरडतो. वाढलेल्या तासांना ओरडणारं कुणी नसतं.

आता उल्हास काय करतो? तो उभी बेरीज करतो. कथेतली सगळ्यात मोठी कृती हीच आहे, तिला जागा द्या. वहीत उभ्या बेरजेला रकानाच नाही, म्हणून तो कोऱ्या कागदावर एक ते तीस तारखा एकाखाली एक लिहितो आणि प्रत्येक तारखेला सगळ्या बायकांचे मिळून किती तास लागले ते मांडतो. एकच जागा, तेव्हा रोज १२ यायला हवेत. एक तारखेला २० येतात. मग बारा, बारा, बारा. पाचला पुन्हा २०. नऊला. तेराला. सतरा, एकवीस, पंचवीस, एकोणतीस. आठ तारखा, दर वेळी आठ जास्त, म्हणजे ६४. आणि ४२४ वजा ३६० म्हणजेही ६४. एकही तास शिल्लक राहत नाही. चोरी असती तर इतकी नेमाने झाली नसती, हे त्याला त्या कागदावर दिसतं आणि सुपरवायझरबद्दल घेतलेला संशय गिळावा लागतो.

पुढे त्याला ऑगस्ट काढून बघू दे. ऑगस्टच्या ३१ रात्री, ३७२ तास हवेत, वही म्हणते ४८४. जादा ११२, म्हणजे चौदा वेळा आठ. इतके का? चवथ त्या महिन्यात आली होती. चवथीला गावी जायचं म्हणून बायकांनी आपसात रात्री बदलून घेतल्या, कुणी दोन केल्या, कुणी एकच. फेऱ्या लहान झाल्या, त्यांचे शेवट वाढले, दर शेवटाला आठ. रात्री तेवढ्याच, बाई दर रात्री एकच, तरी तास वाढले. हिशेब शाखेत कुणी विचारलंच असेल तर 'चवथीचा महिना, ओव्हरटाइम असणार' असं उत्तर मिळालं असेल, आणि गोव्यात हे उत्तर कुणीही मान्य करील. हा तपशील मला फार आवडतो, कारण बाहेरचा लेखक तो सुचवू शकत नाही.

एक फसवी वाट मात्र टाळा. सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ दोन्ही पाळ्यांच्या बायका वॉर्डात दिसतात. त्याला ओव्हर देणं-घेणं म्हणतात आणि ते दुहेरी मोजणं नव्हे. ती अर्धा तासाची गर्दी वहीत तासांच्या रूपाने येतही नाही. नवखे लेखक ती पुरावा म्हणून वापरतात आणि रुग्णालयात काम केलेला वाचक तिथेच कथा मिटतो.

नोंदवहीच्या बाहेरचा पुरावा लागेल. नाइट रिपोर्टमध्ये स्टाफ नर्स रात्री कोण अटेंडंट होती ते लिहिते. त्याहून छान म्हणजे लिनन बुक. रात्रीची अटेंडंट सकाळच्या अटेंडंटला चादरी, ड्रॉशीट, उशांचे अभ्रे मोजून देते आणि दोघी सह्या करतात. १ सप्टेंबरच्या सकाळी शेवंतीची सही तिथे आहे, आणि त्याच दिवशी रात्री ८ ला चादरी मोजून घेणारी सही दुसरीची. म्हणजे शेवंती पहाटे होती, पुढच्या रात्री नव्हती. आठही तारखांना असंच: सकाळी एकीची सही, रात्री दुसरीची.

इथपर्यंत तुमचा क्लार्क हुशार ठरला. कथा मात्र याच्या पुढे आहे आणि ती पैशाच्या वाटेने जाते. बिल तासांवर जातं, पण बायकांना एजन्सी रात्रीच्या हिशेबाने पैसे देते. एका रात्रीचे ठरलेले. त्यामुळे हे ६४ तास त्यांच्या पदरात पडलेलेच नाहीत. तरी वहीत नावं त्यांची आहेत. उल्हासने 'अमुक कर्मचाऱ्यांच्या नावे जादा तास' असं टिपण पाठवलं, तर वरून पहिला शेरा येईल: 'संबंधितांकडून खुलासा मागवावा.' आणि संबंधित म्हणजे त्या चार बायका. हे त्याला कळायला हवं, कारण सरकारी कागद पहिल्यांदा नावाकडे जातो, पद्धतीकडे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. एजन्सी रात्री कशा मोजते? सुटण्याच्या सकाळींनी. महिन्यात जाण्याच्या वेळा किती पडल्या, तेवढ्या रात्री. जी बाई कामावर राहते तिचं यात काही बुडत नाही, या महिन्याची सकाळ पुढच्या महिन्यात येते एवढंच. पण शेवंतीने ऑगस्टमध्ये नऊ रात्री केल्या, जुलैअखेरीस ती रात्रपाळीत नव्हती, आणि नववी सकाळ पडली १ सप्टेंबरला. तिचा हिशेब ३१ ऑगस्टला बंद झाला. पैसे आठ रात्रींचे. सप्टेंबरच्या पगारपत्रकात तिचं नाव नाही, कारण तोवर ती एजन्सीकडे नव्हतीच. रुग्णालयाच्या बिलांत त्या एका रात्रीचे १२ अधिक ८ असे २० तास लागले, आणि जी रात्रभर बेडपॅन देत होती तिला त्या रात्रीचं काहीच मिळालं नाही.

हे उल्हासला कळावं कसं? फार नाट्य करू नका. शेवंती तिच्या अनुभवाच्या दाखल्यासाठी वॉर्डात येऊ दे. वाळपईहून कदंबा बस बदलून आलेली, डिस्चार्जच्या गर्दीत बाजूला उभी. हा सहज विचारतो:

'शेवंतीबाय, हिशेब मिळाला सगळा?'

'मेळ्ळो. आठ रात्रींचो.'

'तू नऊ केल्यास ना?'

'मीही तेच म्हटलं. तो म्हणाला, वहीत आठच सकाळी आहेत. माझी मोजणी चुकली असेल, भाऊ.'

तिच्या तोंडी तक्रार घालू नका. वहीपुढे स्वतःची मोजणी चुकली असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणजे सुरुवातीला जी नोंद बनावट वाटली, तीच तिच्या नवव्या रात्रीचा पुरावा निघते. आणि कथेचा खरा पेच इथे आहे: चूक दुरुस्त करायची तर हीच नोंद खोडायची आहे. सिस्टर फिलोमिना आता उल्हासच्या बाजूची झाली आहे. ती उत्साहाने म्हणेल, 'मग मार रेघ त्या ओळीवर, चुकीचीच आहे ती.' रेघ मारली तर बिल बरोबर होईल आणि शेवंतीची सकाळ वहीतून जाईल.

त्याने काय करावं ते पद्धतीत बसणारं आहे, म्हणून सांगतो. व्हाइटनर कुठेही नाही, खोडाखोड नाही, पान बदलणं नाही. तासांच्या कप्प्यातल्या आठवर एक सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी शून्य, आद्याक्षरं आणि तारीख. तेही त्याने स्वतः करायचं नाही. वही सुपरवायझर भरतो, तेव्हा सही सुपरवायझरची आणि प्रतिस्वाक्षरी सिस्टर इन्चार्जची. जाण्याच्या वेळेच्या कप्प्याला कुणी हात लावायचा नाही. आठही ठिकाणी हेच. म्हणजे तास जातात आणि 'सकाळी ८' तसंच राहतं.

सुपरवायझर आधी घाबरेल, कारण त्याला वाटेल आपल्यावर आलं. उल्हासने त्याच्यापुढे उभ्या बेरजेचा कागद ठेवायचा. तो कागद पाहिल्यावर तोही बायकांइतकाच सुटतो, आणि ज्याच्यावर दोन दिवस संशय घेतला त्याच्याशी उल्हास आता कसा बोलतो, यात तुमच्या लेखणीला वाव आहे. मी त्याला माफी मागायला लावणार नाही. चहा मागवील, एवढंच.

टिपण मी असं लिहिलं असतं, तुम्हाला हवं तर वापरा:

'वॉर्डातील रात्रपाळी अटेंडंटची मंजूर जागा एक. सप्टेंबरच्या ३० रात्रींचे तास ३६०. नोंदवहीतील बेरीज ४२४. फरक ६४ तास. सदर फरक सलग रात्रपाळी संपल्याच्या आठ तारखांना, जाण्याच्या वेळेवरून तास पुन्हा धरल्याने आला आहे. सर्व कर्मचारी नोंदीप्रमाणे प्रत्यक्ष हजर होते. लिनन बुकातील सह्या जुळतात. बिल ३६० तासांचे घ्यावे. ऑगस्टमध्ये याच कारणाने ११२ तास जादा आहेत, ते पुढील बिलातून वळते करावेत. ३१ ऑगस्टच्या रात्रपाळीची जाण्याची नोंद १ सप्टेंबरला असून त्या रात्रीचा मोबदला संबंधित कर्मचाऱ्यास मिळाल्याची खात्री एजन्सीकडून करून घ्यावी.'

यात शेवंतीचं नाव नाही आणि गरजही नाही. ३१ ऑगस्टच्या रात्री वॉर्डात एकच बाई होती. शेवटचं वाक्य वरिष्ठांना नको असेल. एजन्सी आणि तिचे कर्मचारी हा आपला विषय नव्हे, असं हिशेब शाखेतून नक्की ऐकू येईल, आणि काही अंशी ते खरंही आहे. म्हणून ते वाक्य टिपणात राहतं की गळतं, यावर कथा संपवता येईल. पण मेट्रनकडून टिपण परत आलं आणि शेवटच्या वाक्याभोवती पेन्सिलने चौकट होती, असं दाखवलंत, तर उल्हासने आधीच लिनन बुकाच्या त्या पानाचा क्रमांक वाक्यात घातलेला असू दे. पान क्रमांक असलेलं वाक्य कापणं कुठल्याही कार्यालयात जड जातं.